दुरुस्त केलेला जॉइंट दर वर्षी पुन्हा गळतो? आधी रिकामी टाकी वर उचलली जात नाही ना, ते बघा

तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. पोहण्याच्या तलावाचं पाणी रोज दोन-अडीच सेंटिमीटर उतरतं. तलाव रिकामा करून भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथला जॉइंट खरवडतात, इपॉक्सी भरतात, टाइल परत बसवतात. दोन-तीन महिने सगळं ठीक चालतं आणि मग पाणी पुन्हा उतरायला लागतं. पुढच्या वर्षी माल बदलतो, मिस्त्री बदलतो, गळती मात्र तीच राहते. मी गळतीच्या दुरुस्तीचीच कामं करतो. माझा अनुभव असा की, अशा ठिकाणी दोष बहुतेक वेळा मालात नसतो. तो तलाव रिकामा करण्यात असतो. दुरुस्तीसाठी पाणी काढलं की तलावाच्या काँक्रीटच्या टाकीवर खालून उलटा भार येतो, त्या भाराने जॉइंट हलतो, आणि आपण तो नेमका त्या हललेल्या अवस्थेत भरून टाकतो.

असाच एक तलाव मला चौथ्या दुरुस्तीच्या वेळी बघायला मिळाला. आतून १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सगळीकडे सारखा दीड मीटर खोल. भिंती आणि तळ दोन्ही २० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे. काठ जमिनीच्या पातळीत. सुदैवाने मी पोचलो तेव्हा तलाव भरलेला होता, म्हणून पंप लावायच्या आधी काही गोष्टी मोजता आल्या.

भरलेल्या तलावात काय बघायचं

गळती आहे की नुसतं बाष्पीभवन, हे आधी ठरवा. पायरीवर पाण्याची बादली ठेवा, बादलीतलं आणि तलावातलं पाणी एका पातळीला आणा, आणि २४ तासांनी दोन्ही किती उतरली ते मोजा. बादलीतलं पाणी ५ मिलिमीटर उतरलं आणि तलावातलं २५, तर २० मिलिमीटर गळती. या तलावाचे आकडे हेच होते. ५० चौरस मीटर पृष्ठभागावर २० मिलिमीटर म्हणजे रोज १ घनमीटर, हजार लिटर. हे पाणी कुठे जातं हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग टाकी हलली आहे का ते बघायचं. त्यासाठी यंत्र लागत नाही, कारण साचलेलं पाणी हीच उत्तम लेव्हल. वारा नसताना, पंप बंद करून, चारही कोपऱ्यांत काठाच्या दगडाच्या खालच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. मला ६०, ६१, ७४ आणि ७५ मिलिमीटर मिळालं. म्हणजे एक आखूड बाजू दुसरीपेक्षा सुमारे १४ मिलिमीटर वर.

तिथला देखभालवाला लगेच म्हणाला, "साहेब, बांधतानाच वाकडं बांधलं असणार." शंका रास्त होती. ती टाइलवरच्या क्षाराच्या जुन्या पांढऱ्या रेघेने फिटली. बरीच वर्षं पाणी जिथे टेकतं तिथे ही रेघ उमटते. तलाव मुळातच तिरका बांधलेला असता, तर रेघ आजच्या पाण्याला समांतर असती. इथे ती एका टोकाला पाण्याला टेकली होती आणि दुसऱ्या टोकाला बोटभर वर गेली होती. म्हणजे रेघ उमटल्यानंतर टाकी हलली. त्याच टोकाला काठ आणि भोवतालची फरशी यांच्यामधला सीलंट एका बाजूने फाटला होता, आणि पाणी परत आणणाऱ्या पाइपाचा भिंतीजवळचा सांधा निखळला होता. हे तीन पुरावे एकत्र दिसले की तलाव रिकामा करण्याचा बेत तिथेच थांबवावा.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिने अनेक जण फसतात. गळता तलाव तसाच सोडला की पाणी एका उंचीवर येऊन थांबतं, आणि सगळे म्हणतात की भेग त्याच उंचीला आहे. कधी कधी ते खरंही असतं. पण बाहेरचं भूजल त्याच पातळीला असेल, तरीही पाणी तिथेच थांबतं, कारण आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. भेग मग कितीही खाली असू शकते. आणि तसं असेल, तर तलाव रिकामा करणं सगळ्यात धोक्याचं.

टाकी होडीसारखी का वागते

काँक्रीट पाण्यात बुडतं, म्हणून एवढी जड टाकी तरंगेल असं कुणाला वाटत नाही. पण रिकामी टाकी म्हणजे पोकळ भांडं. तिच्या तळाखाली पाणी आलं की तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो.

आपल्या तलावाचा हिशेब करू. बाहेरून माप १०.४ गुणिले ५.४ मीटर, म्हणजे ५६ चौरस मीटर. तळात सुमारे ११.२ घनमीटर काँक्रीट, भिंतींत सुमारे ९.२, मिळून साडेवीसच्या आत. घनमीटरला २.४ टन धरले तर ४९ टन. गिलावा आणि टाइल यांचे साधारण ८ टन धरा. रिकाम्या टाकीचं वजन झालं ५७ टन.

आता वरचा जोर. टाकीच्या तळाच्या खालच्या पृष्ठभागापासून भूजल जितके मीटर वर, तितक्या पट ५६ टन. म्हणजे पाणी साधारण १ मीटर चढलं की जोर आणि वजन बरोबरीत येतात. टाकीचा खालचा पृष्ठभाग जमिनीखाली १.७ मीटरवर आहे. त्यामुळे भूजल जमिनीखाली ७० सेंटिमीटरच्या आसपास आलं, की रिकामी टाकी सुटायच्या बेतात असते. डिझाइन करताना वजन वरच्या जोराच्या १.१ ते १.२ पट असावं असं धरतात. १.२ धरलं तर मर्यादा जमिनीखाली ८५ सेंटिमीटरवर येते.

भरलेल्या तलावात मात्र ७५ टन पाणी असतं. बाहेर पाणी अगदी जमिनीपर्यंत आलं तरी वरचा जोर ९५ टन, आणि खाली दाबणारं वजन १३२ टन. म्हणून भरलेला तलाव वर्षानुवर्षं निवांत बसतो आणि धोका फक्त रिकामं करताना उभा राहतो. भिंतीला मातीचं घर्षण धरून ठेवील असं काही जण म्हणतात. थोडं धरतंही, पण ओल्या भरावाच्या घर्षणावर मी एक टनही मोजत नाही.

पण विहिरीला तर पाणी चार मीटर खाली आहे

हे मला तिथेही ऐकवलं. शेजारच्या विहिरीत पाणी खरोखरच चार मीटर खाली होतं, आणि त्या भरवशावरच तीनदा तलाव रिकामा झाला होता. मी टाकीच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांशी भरावात खड्डे घेतले आणि भोकं पाडलेले १५० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप उभे केले. पाइपाला बाहेरून जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी सोडणारं कापड, गुंडाळलं, भोवती खडी भरली, आणि खालचं टोक टाकीच्या तळाच्याही ३० सेंटिमीटर खाली नेलं. दुसऱ्या दिवशी दोरीला वजन बांधून मोजलं, तर पाणी जमिनीखाली फक्त ४५ सेंटिमीटरवर.

कारण असं की तलावासाठी खोदलेला खड्डा घट्ट मुरमात होता आणि बांधल्यावर भोवती सैल माती ढकलली होती. आजूबाजूची जमीन पाणी पीत नाही, भराव मात्र पितो. म्हणजे एका परातीत आपण तलाव ठेवलेला. टाकीभोवती ६० सेंटिमीटर रुंदीचा भराव धरला, आणि त्यात तीस टक्के पोकळी, तर या परातीत पाणी साठायला जेमतेम ६ चौरस मीटर जागा मिळते. तिथे १ घनमीटर पाणी ओतलं की पातळी सोळा-सतरा सेंटिमीटर चढते. आणि रोज गळणारं पाणी किती? तेच, १ घनमीटर. थोडं जमिनीत मुरत असेल, पण तलाव स्वतःच्या गळतीने स्वतःभोवती भूजल तयार करत होता. विहिरीला त्याची खबरही नव्हती.

वर कहर म्हणजे रिकामं करताना पंपाची नळी शेजारच्या हिरवळीवर सोडलेली असायची. ७५ हजार लिटर पाणी आतून काढून बाहेरून त्याच परातीत. एका हाताने वजन कमी करायचं आणि दुसऱ्या हाताने जोर वाढवायचा, असा हा प्रकार.

४५ सेंटिमीटरचा हिशेब बघा. तळापासून पाण्याची उंची १.२५ मीटर, जोर ७० टन, टाकी ५७ टनांची. तूट १३ टन. आतल्या दर १० सेंटिमीटर पाण्याचं वजन ५ टन होतं. म्हणजे तळाशी २६ सेंटिमीटर पाणी असेपर्यंत टाकी जागेवर, त्याखाली ती सैल. शेवटचं गुडघ्याखालचं पाणी काढताना, सगळे झाडू घेऊन आत उतरलेले असताना, टाकी उचलली गेली असणार. परातीत पाणी मर्यादित असल्यामुळे ती १४ मिलिमीटरवर थांबली. खुल्या वाळूत, जिथे पाण्याचा पुरवठा संपत नाही, तिथे ती थांबेलच असं नाही.

जॉइंट दर वर्षी का उघडतो

अख्खी टाकी उचलली नाही तरी जॉइंटला त्रास होतोच. २० सेंटिमीटर तळाचं वजन चौरस मीटरला ४८० किलो, टाइलसकट साधारण ५६०. खाली १ मीटर पाण्याचा दाब असेल तर वरचा जोर चौरस मीटरला १००० किलो. उरलेले ४४० किलो तळाला मधोमध वर फुगवतात आणि कडेला भिंतीचं वजन त्याला धरून ठेवतं. त्याच वेळी बाहेरची ओली माती रिकाम्या भिंतीला आत ढकलते. दोन्हींचा परिणाम एकच. भिंत आणि तळ यांचा कोपरा आतल्या बाजूने मिटतो, बाहेरच्या बाजूने ताणला जातो.

आपण उतरतो तेव्हा जॉइंट असा मिटलेला असतो. भेग केसाएवढी दिसते, आपण ती घासून इपॉक्सी भरतो आणि खूश होतो. तलाव भरला की सगळं उलटतं. पाणी भिंतीला बाहेर ढकलतं, भराव सैल म्हणून ती जराशी सरकते, आणि कोपरा आतून उघडतो. इपॉक्सी कडक असते, ती ताणत नाही. ती स्वतः तुटली नाही तर शेजारचं काँक्रीट तुटतं. शिवाय रिकाम्या तलावात बाहेरचं पाणी जॉइंटमधून आत झिरपत असतं, त्यामुळे आतून लावलेला कुठलाही थर मागून ढकलला जातो, चिकटण्याआधीच. तळाच्या मधोमध लांबीच्या दिशेने टाइलला भेग किंवा पोकळ आवाज असेल तर ती याच फुगण्याची खूण समजा. तळ नुसता जमिनीवर टेकलेला आहे असं धरून फक्त खालच्या थरात सळई घातली असेल, तर ही भेग ठरलेली.

पण जॉइंट मुळात पाणी सोडू लागला कशामुळे? तो बांधकाम जॉइंट होता, तळ आधी आणि भिंत नंतर ओतलेली. अशा ठिकाणी मध्यभागी पीव्हीसी वॉटरस्टॉप, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, उभी बसवतात. अर्धी तळात, अर्धी भिंतीत. एका कोपऱ्यात फोडून बघितलं तेव्हा पट्टी वाकून आडवी झोपलेली निघाली. काँक्रीट ओतताना ती सळईला बांधलेली नव्हती. तिच्याखाली हनीकॉम्ब, नुसती खडी. पट्टी असूनही पाण्याला तिच्याखालून मोकळी वाट. पाण्याने फुगणारी पट्टी वापरली असेल तर वेगळी भानगड असते. ओतण्याआधीच पावसात भिजली तर ती आधीच फुगून बसते, आणि कडेला फार जवळ लावली तर फुगताना काँक्रीटचा पापुद्रा उडवते.

आम्ही काय केलं

पहिलं काम बाहेरचं. दोन्ही उभ्या पाइपांत छोटे सबमर्सिबल पंप सोडले आणि पाणी दूरच्या नाल्यात नेलं. तलावाला अजून हात लावला नव्हता. पाइपातली पातळी टाकीच्या तळाखाली गेली, दिवसभर तशीच राहिली, मगच आतलं पाणी काढायला सुरुवात केली, तेही टप्प्याटप्प्याने. दर टप्प्याला पाइप मोजायचा आणि काठाची उंची एका पक्क्या खुणेशी ताडायची. बाहेरचे पंप काम संपेपर्यंत बंद करायचे नाहीत. वीज गेली तर पर्याय काय, हे आधीच ठरलेलं हवं.

तलाव रिकामा झाल्यावर तळातला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह उघडला. बाहेरचा दाब जास्त झाला की हा उघडतो आणि भूजल आत घेतो. टाकी वाचवायला आतलं पाणी वाढवणं हाच त्याचा उपाय. तो टाइलच्या ग्राउटने घट्ट बसला होता, म्हणजे तीनही वेळा त्याने काहीच काम केलं नव्हतं. बदलला. पण नवा व्हॉल्व्हही फार भरवशाचा मानू नका. तळाखाली खडीचा थर असेल तरच सगळीकडचा दाब त्याच्यापर्यंत पोचतो. खाली नुसती चिकणमाती असेल तर तो स्वतःच्या भोवतालचाच दाब कमी करतो. शिवाय त्याच्या बैठकीत कचरा अडकला की तोच गळायला लागतो.

जॉइंटसाठी पॉलियुरेथेन इंजेक्शन घेतलं, कारण जागा ओली होती आणि थोडी हालचाल राहणारच होती. जॉइंटच्या बाजूने तिरकी भोकं पाडली, अशी की ती भिंतीच्या जाडीच्या मध्यावर जॉइंटला छेदतील. दर २० ते २५ सेंटिमीटरला एक पॅकर, म्हणजे रेझिन आत दाबायची तोटी. एका टोकापासून सुरू करून, पुढच्या पॅकरमधून रेझिन बाहेर आलं की तिकडे सरकायचं. हनीकॉम्ब फोडून काढून न आकसणाऱ्या मॉर्टरने भरला. मग कोपऱ्यात २० मिलिमीटर रुंद खाच, तळाशी फोमची दोरी आणि वर १० मिलिमीटर जाडीचा, क्लोरिनच्या पाण्यात टिकणारा पॉलिसल्फाइड सीलंट. दोरी विसरू नका. सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटला पाहिजे. खाचेच्या तळालाही चिकटला तर त्याला ताणायला जागा राहत नाही. त्यावर लवचीक सिमेंटच्या थरात कोपऱ्याची रबरी पट्टी आणि शेवटी टाइल.

उचललेल्या टोकाखाली पोकळी होती, कारण टाकी वर जाताना गाळ खाली सरकतो आणि तो तिला पूर्ण खाली बसू देत नाही. ग्राउटिंगवाल्याने पंप आणला होता. तो मी परत पाठवला. या तळाला उचलायला चौरस मीटरला ५६० किलो पुरतात, म्हणजे जेमतेम ०.०५५ बार. पंपाच्या काट्यावर हा दाब दिसतसुद्धा नाही. पातळ ग्राउट नरसाळ्याने, गुरुत्वाकर्षणाने, कमी उंचीवरून सोडला. टाकी परत समतल करायचा प्रयत्न केला नाही. १४ मिलिमीटर तिरकी टाकी चालते. निखळलेला पाइपाचा सांधा मात्र उकरून नव्याने जोडला.

भरताना क्रम उलटा. आधी आत पाणी, मग बाहेरचे पंप बंद. बाहेर पाणी जमिनीपर्यंत येईल असं धरून, १.२ पट सुरक्षिततेला आत १.१५ मीटर पाणी लागतं, म्हणून तेवढं भरेपर्यंत पंप चालू ठेवले.

रिकामं करताना टाकी हललीच तर

काठाशी भेग रुंदावताना दिसली, तळातून कडाड आवाज आला किंवा जॉइंटमधून पाणी उसळायला लागलं, तर माणसं बाहेर काढा, आतला पंप बंद करा आणि मिळेल त्या नळीने आत पाणी सोडा. बाहेरच्या पाइपात पंप टाका. त्यानेही वेग आवरला नाही, तर तळाला सगळ्यात खोल जागी भोकं पाडून भूजल आत घेणं हा शेवटचा मार्ग. पण आतलं लोखंड आणि पाइप कुठे आहेत हे माहीत असणाऱ्यानेच ते करावं. भोक नंतर बुजवता येतं. हातभर वर आलेली टाकी मात्र सहसा परत बसत नाही, ती फोडावीच लागते.

दुरुस्तीनंतरच्या बादलीच्या चाचणीत दोन्ही पाणी सारखंच उतरलं. बाहेरचे पंप बंद करून आठ दिवस झाले तरी उभ्या पाइपातली पातळी जमिनीखाली दीड मीटरवरच होती, म्हणजे परात भरणारी गळती हीच होती. पाइप तसेच ठेवले आहेत, वर झाकण लावून. पंपघरात भिंतीवर एक ओळ रंगवली आहे: पाइपातलं पाणी जमिनीखाली ८५ सेंटिमीटरपेक्षा वर असेल तर तलाव रिकामा करायचा नाही. हा आकडा फक्त त्या टाकीचा. तुमच्या टाकीचा काढायला बाहेरची मापं आणि भिंती-तळाची जाडी लागेल.